वाकायला वेळ नसलेली उडी

गेल्या वर्षी सुट्टीच्या दिवसांत मी एक छोटा प्लॅटफॉर्मर गेम बनवायला घेतला. उडीचं ॲनिमेशन अगदी शिस्तीत केलं. आधी गुडघे वाकवून दबणं, मग झेप, वर क्षणभर तरंगणं आणि खाली आल्यावर पुन्हा गुडघे मोडून धक्का पचवणं. पडद्यावर ते छान दिसायचं. मित्राच्या हातात फोन दिला, तर तो दर दोन उड्यांनी दरीत. म्हणाला, "बटण चालत नाहीये यार."

बटण चालत होतं. दबण्याला मी सहा फ्रेम दिल्या होत्या, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. तेवढ्या वेळात पळतं पात्र कड्याच्या पलीकडे गेलेलं असायचं.

सिनेमात हे दबणं हवंच. डिस्नेच्या ॲनिमेटरांनी त्याला तत्त्वाचा दर्जा दिला, कारण पुढे काय होणार हे प्रेक्षकाला आधी कळायला हवं. पण गेममध्ये उडी कधी मारायची हे खेळणाऱ्यानेच ठरवलेलं असतं. ज्याला आधीच माहीत आहे, त्याला सूचना कशाला? यानंतर मी २०१८चा 'सेलेस्ट' नव्याने पाहिला. मॅडलिन नावाची मुलगी डोंगर चढते, एवढाच हा खेळ. तिच्या हालचालींचा कोड गेम करणाऱ्यांनी सार्वजनिक केला आहे, त्यामुळे उडी उलगडून वाचता येते.

मॅडलिन उडीआधी वाकतच नाही. बटण दाबलं की त्याच क्षणी ती वर निघते आणि चित्र एकदम ताणलं जातं: रुंदी ०.६ पट, उंची १.४ पट. साधारण पाव सेकंदात ते मूळ मापावर येतं. दबण्यातून जो जोर दिसला असता, तो या ताणातून दिसतो. तयारी झालीच असणार, असं आपला डोळा मागाहून ठरवतो.

वरचं तरंगणं तर उघड खोटं आहे. उभा वेग सेकंदाला ४० पिक्सेलच्या खाली आला आणि बटण धरलेलं असलं, की गुरुत्वाकर्षण निम्मं होतं. एरवी हा टप्पा सेकंदाच्या ०.०९ भागात संपला असता, आता तो ०.१८ घेतो. फरक डोळ्यांना कळत नाही, हातांना कळतो: खाली कुठे उतरायचं हे ठरवायला तेवढी उसंत मिळते. बटण सोडलं तर ती उसंतही जाते.

उतरताना चित्र चपटं होतं. किती, ते पडण्याच्या वेगावर ठरतं. नेहमीच्या कमाल वेगाने पडली तर उंची ०.६ पट, बटण खाली दाबून आणखी जोरात आली तर ०.४ पर्यंत. छोट्या उडीला छोटा धक्का, मोठ्या उडीला मोठा. वजनाची खात्री पटते ती इथे.

माझी तक्रारही इथेच आहे. चपटी झालेली मॅडलिन त्याच क्षणी पुन्हा उडी मारू शकते. कितीही उंचावरून आली तरी पायांना काही भोगावं लागत नाही. भिंतीला लटकल्यावर मात्र तिची ताकद संपत जाते, ती लाल लुकलुकू लागते. म्हणजे हातांना थकवा आहे, गुडघ्यांना नाही. स्वतःच्या भीतीशी झगडत डोंगर चढणाऱ्या मुलीच्या गोष्टीत शरीर इतकं सोयीस्करपणे हलकं असावं, हे मला खटकतं.

याच्या उलट टोकाला १९८९चा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' आहे. जॉर्डन मेकनरने आपल्या भावाला पळताना-उड्या मारताना चित्रित केलं आणि त्यावरून फ्रेम काढल्या. तिथे राजपुत्र उडीआधी अंग सावरतो, बटण आधी दाबावं लागतं. त्या देहाला वजन आहे, आणि दऱ्यांची अंतरंही त्या उशिराला धरूनच आखलेली आहेत. 'सेलेस्ट'च्या कड्यांवर तोच राजपुत्र सोडला, तर माझ्या मित्रासारखा दरीत जाईल. मॅडलिनचा हलकेपणा ही त्या कड्यांची किंमत आहे. ती मोजावी लागली हे मान्य, पण ती मोजली आहे हे दिसायला हवं.

मी माझ्या सहाही फ्रेम काढून टाकल्या आणि उतरण्यावर चपटेपणा घातला. लगेच नवी गडबड झाली: पात्र उतरताना पाय जमिनीपासून वर उचलले जायचे. चित्र मध्यबिंदूतून आक्रसत होतं. आधारबिंदू तळव्यांवर नेला आणि ते जमिनीला टेकलं. मित्र पुन्हा खेळला. या वेळी तो बटणाबद्दल काहीच बोलला नाही, पुढचा कडा कुठे आहे एवढंच त्याने विचारलं.