‘एकूण’ची रांग: भार विसरलेल्या सरासरीबद्दल

गेल्या महिन्यात संगमनेरच्या एका विद्यार्थ्याने त्याच्या शोधनिबंधाचा मसुदा वाचायला पाठवला. विषय भारतातलं एचआयव्हीचं प्रमाण, आणि आधार २००५-०६ च्या तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा. राज्यवार तक्ता नीटनेटका होता. गडबड होती शेवटच्या रांगेत, जिथे ‘एकूण’ असं लिहिलं होतं. तिथला आकडा सर्वेक्षणाच्या अहवालात छापलेल्या ०.२८ टक्क्यांपेक्षा बराच वर होता. विद्यार्थ्याने हा फरक ‘नवा निष्कर्ष’ म्हणून मांडला होता. खरं तर तो निष्कर्ष नव्हताच, ती हिशोबातली चूक होती. आणि ही चूक तुमच्याही मसुद्यात येऊ शकते, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी हे बघा की नमुना मुद्दाम असमान का घेतात. या सर्वेक्षणाला महाराष्ट्र, आंध्र प्रदेश, कर्नाटक, तामिळनाडू, मणिपूर अशा जास्त प्रादुर्भावाच्या राज्यांचे स्वतंत्र आकडे हवे होते. लागण हजारात पाच-सात जणांना असेल तर छोट्या नमुन्यात हाताला जेमतेम चार-दोन रुग्ण लागतात. त्यामुळे अशा राज्यांत रक्ततपासणीचा नमुना मोठा ठेवला आणि बऱ्याच इतर राज्यांत कमी घरांवर भागवलं. यात चूक काहीच नाही. पण याचा अर्थ असा की डेटा फाइलमधली माणसं देशातल्या माणसांच्या प्रमाणात नाहीत. जिथे लागण जास्त, तिथली माणसं फाइलमध्ये जास्त आहेत.

आता तीन राज्यं घेऊन हिशोब करू. अहवालातले आकडे असे: मणिपूर १.१३ टक्के, महाराष्ट्र ०.६२, उत्तर प्रदेश ०.०७. समजा तिन्हीकडून सारखीच माणसं तपासली आणि सगळी एकत्र करून सरासरी काढली. उत्तर येतं ०.६१ टक्के. पण २००१ च्या जनगणनेत उत्तर प्रदेशची लोकसंख्या सुमारे १६.६ कोटी, महाराष्ट्राची ९.७ कोटी आणि मणिपूरची फक्त २३ लाखांच्या आसपास होती. लोकसंख्येच्या प्रमाणात सरासरी काढली की तेच उत्तर ०.२८ वर येतं. (देशाचा आकडाही ०.२८ आहे, पण तो निव्वळ योगायोग. इथे तीनच राज्यं आहेत.) तिघांच्या लोकसंख्येत मणिपूरचा वाटा एक टक्काही नाही, आणि बिनभाराच्या सरासरीत त्याला एक तृतीयांश मत मिळालं. राज्यांचे तिन्ही आकडे बरोबर असूनही एकूण आकडा दुपटीहून जास्त झाला.

मसुद्यात या आकड्याच्या बाजूने एक वाक्य होतं: नमुना एक लाखाच्या वर आहे, त्यामुळे अंदाज विश्वसनीय आहे. इथे माझा खरा आक्षेप आहे. नमुना मोठा असला की नशिबाने होणारी चूक कमी होते, पण एकाच बाजूला झुकलेली चूक तशीच राहते. उलट विश्वासाची मर्यादा अरुंद दिसते आणि चुकीचा आकडा जास्त ठाम वाटायला लागतो.

हे फक्त तक्त्यापुरतं राहत नाही. याच सर्वेक्षणाच्या आधारे २००७ मध्ये देशातल्या एचआयव्हीबाधितांचा अंदाज ५० लाखांच्या वरून सुमारे २५ लाखांवर आणला गेला. आधीचा अंदाज मुख्यतः ठरावीक दवाखान्यांतल्या तपासण्यांवर उभा होता, आणि तिथे येणारी माणसं साऱ्या लोकसंख्येसारखी नव्हती. म्हणजे ज्या दोषातून हे सर्वेक्षण आपल्याला बाहेर काढतं, तोच दोष आपण भार गाळून परत आत आणतो.

उपाय फाइलमध्येच असतो. प्रत्येक व्यक्तीसमोर एक भार, म्हणजे वेट, दिलेला असतो: ती व्यक्ती किती जणांच्या वतीने बोलते याचं माप. स्त्रियांच्या फाइलमध्ये तो `v005` या नावाने असतो. पण एचआयव्हीच्या फाइलमध्ये वेगळा `hiv05` असतो, कारण मुलाखत देणाऱ्या सगळ्यांनीच रक्त दिलं नव्हतं आणि ती गळती याच भारात धरलेली आहे. इथे `v005` वापरणं हीदेखील चूकच. दोन्ही भार दशांश चिन्हाशिवाय साठवलेले असतात, म्हणून आधी दहा लाखांनी भागायचं. स्टाटामध्ये:

```
gen wt = hiv05/1000000
gen pos = (hiv03==1) if inlist(hiv03,0,1)
mean pos
mean pos [pw=wt]
```

शेवटच्या दोन ओळींची उत्तरं शेजारी ठेवा. फरक मोठा दिसला तर नमुना कुठे फुगवलाय ते शोधा. राज्यानुसार साधी टक्केवारी आणि भारित टक्केवारी काढली की ते लगेच कळतं. मग छापील आकडा तुमच्या हाताने परत काढून बघा. इथे एक अडचण येते: पुरुष ५४ वर्षांपर्यंतचे तपासले होते, पण ०.२८ हा आकडा १५ ते ४९ वयोगटाचा आहे. वयासाठी मुख्य फाइल जोडून वरचे पुरुष गाळावे लागतात. छापील आकडा जुळेपर्यंत पुढचा एकही तक्ता करू नका.

“मग गटांच्या सरासरी तरी भाराशिवाय चालतील ना?” असं त्या विद्यार्थ्याने फोनवर विचारलं. नेहमी नाही. याच सर्वेक्षणात आठ शहरांत झोपडपट्टी आणि बाकीचं शहर यांचे वेगळे आकडे हवे होते, आणि त्यांत मुंबई व नागपूर होतं. त्यामुळे महाराष्ट्राच्या रांगेतच ही दोन शहरं त्यांच्या वाट्यापेक्षा जास्त आहेत. गटाच्या आत निवडीची शक्यता सारखी असेल तरच गटाची साधी सरासरी चालते.

भाराची किंमतही मोजावी लागते. भार फार कमीजास्त असले की अंदाजाची प्रमाण त्रुटी वाढते. ती वाढलेली त्रुटी लिहा, लपवू नका. शिवाय भार फक्त निवडीतली असमानता दुरुस्त करतो. उत्तर देणारा चुकीचं बोलला असेल तर भार काही करू शकत नाही.

स्वतः सर्वेक्षण करणार असाल तर हे आणखी जवळचं आहे. २०११ च्या जनगणनेत संगमनेर तालुक्याची लोकसंख्या सुमारे ४ लाख ८८ हजार आणि शहराची सुमारे ६६ हजार, म्हणजे साडेतेरा टक्के. तुलनेसाठी तुम्ही २०० घरं शहरातली आणि २०० खेड्यांतली घेतलीत, तर शहराच्या प्रत्येक घराचा भार ०.२७ आणि खेड्यातल्या घराचा १.७३ होतो (१३.५ भागिले ५० आणि ८६.५ भागिले ५०). समजा घरात नळाचं पाणी शहरात ९० टक्के आणि खेड्यांत ४० टक्के निघालं. भार विसरलात तर तालुक्याचा आकडा ६५ येईल, लावलात तर ४७. पठार भागातल्या ज्या गावात टँकर येतो, ते गाव त्या ६५ मध्ये दिसेनासं होतं.

त्या विद्यार्थ्याने रांग दुरुस्त केली. ‘नवा निष्कर्ष’ गेला, पण राज्याराज्यांतला फरक तसाच उरला, आणि निबंधात सांगण्यासारखं तेच होतं. आता त्याच्या तक्त्याखाली एक ओळ आहे: कोणता भार वापरला, आणि भार न लावलेली नमुनासंख्या किती. दुसऱ्याचा तक्ता वाचताना तुम्हीही आधी ती ओळ शोधा.