‘अजून’च्या पोटातला आज

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये नोकरी करणारी माझी भाची परवा संध्याकाळी निघण्यापूर्वी ग्राहकाला कामाचा अहवाल पाठवत होती. तीनच ओळींचा मजकूर होता आणि पाठवण्याआधी तिने तो मला वाचायला दिला. ‘आय हॅव ऑलरेडी सेंट द ड्रॉइंग यस्टरडे. स्टिल आय डिड नॉट गेट द अप्रूव्हल. यट द टेस्टिंग इज पेंडिंग.’ व्याकरणाची लाल पेन्सिल क्षणभर बाजूला ठेवून आपण या ओळी जरा कान देऊन ऐकल्या, तर तिन्हींच्या तळाशी अस्सल डोंबिवलीची मराठी शांतपणे वाहताना ऐकू येते.

पहिली ओळ घ्या. ‘मी ड्रॉइंग कालच पाठवलंय’ हे वाक्य आपल्या कानाला किती निर्दोष वाटते! त्यात ‘काल’ आहे आणि ‘पाठवलंय’मध्ये विरघळलेला ‘आहे’सुद्धा आहे, गेलेला दिवस आणि चालू क्षण एकाच ओसरीवर मांडीला मांडी लावून बसले आहेत. मराठीला हा शेजार मंजूर आहे. इंग्रजीतले ‘हॅव’ मात्र पाठवण्याचे फळ आजच्या हाती ठेवते आणि म्हणून संपून गेलेल्या, नाव घेतलेल्या दिवसाला जवळ बसू देत नाही. ‘यस्टरडे’ हवे असेल तर ‘आय सेंट इट यस्टरडे’ म्हणावे. ‘ऑलरेडी’ हवे असेल तर ‘आय हॅव ऑलरेडी सेंट इट’ म्हणून काल सोडून द्यावा. अहवालात मला पहिलेच रूप बरे वाटते, कारण तारीख कामाची असते, आणि त्या ‘ऑलरेडी’ला वाचणाऱ्याच्या मनात ‘पाठवलंय की केव्हाच!’ असा किंचित चढा सूर लागू शकतो.

पण खरा रस दुसऱ्या ओळीत आहे. ‘अजून मला अप्रूव्हल मिळालं नाही.’ हा ‘अजून’ आपल्या भाषेतला केवढा ऐसपैस शब्द! काम अजून चालू आहे, काम अजून झालं नाही, आणि अजून एक चहा सांग. इंग्रजीला यासाठी ‘स्टिल’, ‘यट’ आणि ‘अनदर’ असे तीन वेगळे शब्द काढावे लागतात. ‘अजून’चा भारदस्त भाऊ ‘अद्याप’ उलगडून पाहा. तो संस्कृतातल्या ‘अद्यापि’तून आला, म्हणजे अद्य अधिक अपि, ‘आजसुद्धा’. वाट पाहणे आजच्या दिवसापर्यंत येऊन ठेपले आहे, हे त्या शब्दानेच सांगून टाकले. मग क्रियापदाने ‘मिळालं नाही’ असे साधे भूतकाळी रूप घेतले तरी आपले काही अडत नाही. आपण आज शब्दाच्या पोटात ठेवतो; शाळेत आपण शिकलो ती इंग्रजी तो क्रियापदाकडे मागते. ‘डिड नॉट गेट’मध्ये दार लोटल्यासारखे होते, मंजुरी आली नाही आणि विषय मिटला. ‘आय हॅव नॉट गॉट द अप्रूव्हल यट’ म्हटले की तेच दार किलकिले राहते आणि पलीकडच्या माणसाला अजून काही करायचे आहे, हे त्याला न टोचता कळते. (अमेरिकेत बोलताना ‘डिडन्ट गेट इट यट’ सर्रास चालते, तेव्हा क्रियापदापुरता हा नियम साऱ्या जगाचा नव्हे.)

आणि जागेचे काय? आपला ‘अजून’ वाक्याच्या उंबरठ्यावर ऐटीत उभा राहतो. त्याच जागी ‘स्टिल’ किंवा ‘यट’ उभे केले, की त्यांचा अर्थ बहुधा ‘तरीसुद्धा’ होतो. ग्राहकाने वाचले असते, ‘मी काल पाठवलं, तरीसुद्धा मला मंजुरी मिळाली नाही’. साधी माहिती देणाऱ्या मुलीच्या तोंडी अकारण तक्रार आली असती. तिसऱ्या ओळीत तर ‘तरीही टेस्टिंग बाकी आहे’ असा, कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही असा अर्थ निघतो. तिथे काळ बिनचूक आहे. शब्द तेवढा बदलून आत सरकवायचा, ‘द टेस्टिंग इज स्टिल पेंडिंग’. नकार आला तर ‘यट’ शेवटी: ‘द टेस्टिंग हॅज नॉट स्टार्टेड यट’.

भाचीने तिन्ही ओळी बदलल्या. ‘आय सेंट द ड्रॉइंग यस्टरडे. आय हॅव नॉट गॉट द अप्रूव्हल यट. द टेस्टिंग इज स्टिल पेंडिंग.’ शब्द जवळपास तितकेच, पण आता काल कालच्या जागी होता आणि आज उरलेल्या दोन्ही वाक्यांत जागा होता.

आम्ही मिळून धीम्या लोकलने निघालो. कळवा, मुंब्रा मागे पडले आणि दिव्याला तिच्या आईचा फोन आला, ‘कुठे आहेस?’ ‘आलेच!’ ती म्हणाली. डोंबिवली यायला अजून कोपर जायचे होते, आणि क्रियापद मात्र भूतकाळात घरी पोचून चपला काढत होते. हे ‘आलेच’ इंग्रजीत कसे लिहायचे, असे तिने मला विचारले. ‘आय हॅव ऑलरेडी कम’ नक्कीच नाही, एवढे सांगेपर्यंत कोपर आले.