फोटोतून सेल: रेषा कुठे चुकते

मोबाइलमधला फोटो टाकला की त्याचं जुन्या कार्टूनपटातलं चित्र करून देणारी साधनं आता ढिगाने मिळतात. त्यातून निघणाऱ्या बहुतेक चित्रांत रंग मोजके असतात, काळ्या रेषा असतात, तरी ती सेलवर रंगवलेली वाटत नाहीत. रंग आणि रेषा म्हणजेच सेलचं रूप, असं ही साधनं धरून चालतात. खरं तर ते रूप ज्या कामातून आलं, त्या कामात पात्र आणि पार्श्वभूमी या दोन वेगळ्या वस्तू होत्या. फोटोत मात्र सगळं एकाच भिंगातून, एकाच क्षणी आलेलं असतं.

अर्ल हर्ड या अमेरिकन माणसाने 1914मध्ये पारदर्शक सेल्युलॉइड वापरण्याच्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला, तो मुळात श्रम वाचवण्यासाठी. जे हलतं तेवढंच पारदर्शक पत्र्यावर, म्हणजे सेलवर, दर वेळी नव्याने काढायचं. जे हलत नाही ते एकदाच रंगवून खाली ठेवायचं. पत्र्याच्या पुढच्या बाजूला शाईने रेषा ओढत आणि पत्रा उलटा करून रंग मागून भरत. ब्रशचे फटकारे मागच्या बाजूलाच राहत, समोरून दिसे तो एकसारखा, सपाट रंग. पार्श्वभूमीचं काम वेगळ्या विभागात, वेगळ्या हातांनी चाले. तिथे जलरंग किंवा पोस्टर कलर, ओला कागद, एकमेकांत मिसळलेल्या छटा, आणि बाह्यरेषा फारशी नसेच. लहानपणी कार्टून पाहताना कड्यावरचा नेमका कोणता दगड खाली पडणार हे आपल्याला आधीच कळायचं, ते यामुळेच. बाकीचा कडा रंगवलेला असे, आणि पडणारा दगड रेषेत बांधलेला, सपाट रंगाचा.

छटा मोजक्या असण्याचं कारणही असंच व्यवहारी. पात्राच्या गालावर एक सावली वाढवली, तर तिची हद्द पुढच्या प्रत्येक पत्र्यावर अचूक काढायची आणि भरायची. एका सेकंदाच्या चित्रपटाला बारा किंवा चोवीस चित्रं लागतात. म्हणून त्वचेला एक उजेडाचा रंग, एक सावलीचा, केसांवर फार तर एखादी चमक, एवढ्यावर भागवत. सावली कुठे पडते यापेक्षा कुठे ठेवली तर आकार कळेल, हे चित्रकार ठरवत असे.

फोटोवर चालणाऱ्या फिल्टरना नेमकं हेच ठरवता येत नाही. विनेमोलर, ऑल्सेन आणि गूच या संशोधकांनी 2006मध्ये मांडलेली पद्धत आजही अशा अनेक साधनांच्या मुळाशी दिसते. आधी कडा शाबूत ठेवून आतले बारीक फरक पुसायचे, मग उजेडाच्या मोजक्या पायऱ्या पाडायच्या, आणि जिथे उजेड एकदम बदलतो तिथे गडद रेषा काढायची. पद्धत हुशारीची आहे, पण तिला वस्तू दिसत नाही, फक्त उजेड दिसतो.

एक फोटो घेऊ. कोकणातल्या घराच्या ओसरीवर एक आजी सुपात तांदूळ निवडत बसल्या आहेत. अंगावर चौकडीचं लुगडं, मागे जांभ्या दगडाची भिंत, डावीकडून सकाळचं ऊन. फिल्टर लावला की नाकाच्या सावलीच्या कडेला जाड काळी रेषा येते, जणू तिथे कातडी फाटली आहे. उजव्या खांद्याचा अंधारातला भाग आणि मागची अंधारी भिंत यांच्यात उजेडाचा फरकच नाही, म्हणून तिथे रेषा गायब होते आणि आजी भिंतीत विरघळतात. लुगड्याच्या प्रत्येक चौकडीला, जांभ्याच्या प्रत्येक छिद्राला मात्र रेषा मिळते. उजेडाच्या सहा पायऱ्या ठेवल्या असतील तर गाल उंचसखल प्रदेशाच्या नकाशासारखा दिसतो.

हेच काम हाताने करताना क्रम उलटा असतो. आधी ठरवायचं की या चित्रात हलू शकेल असं काय आहे. आजी, सूप, आणि वर उडालेले चार दाणे. एवढंच पात्राच्या थरावर. खांब, भिंत, पायरी सगळं पार्श्वभूमीत. मग आजींची बाह्यरेषा फोटोवरून न तुटता पूर्ण काढायची, अंधारात बुडालेल्या खांद्यासकट. तिथे फोटोत काही दिसत नसेल तर शरीराच्या जाणिवेतून. चेहऱ्यावरच्या शंभर सुरकुत्यांपैकी तोंडाजवळच्या दोन आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांतल्या काही ठेवायच्या. चौकडी पूर्ण सोडून द्यायची, काठ तेवढा वेगळ्या रंगाचा पट्टा म्हणून ठेवायचा. तांदळाचा एकच पांढरट आकार.

सावलीला रेषा नसते, फक्त रंगाची हद्द असते, आणि ती एकच ठेवायची. गालाचा उजवा भाग, हनुवटीखालचा गळा, सुपाखालची मांडी. इथे आणखी एक चूक सर्रास होते. फिल्टर मूळ रंगच काळपट करून सावली बनवतो, त्यामुळे त्वचा मळकट दिसते. सेलच्या कामात सावलीचा रंग वेगळा निवडून, वेगळ्या बाटलीतून येई. गव्हाळ त्वचेची सावली तांबूस तपकिरीकडे, पांढऱ्या कापडाची निळसर. फोटोवर काम करताना हे दोन रंग आधी शेजारी शेजारी लावून पाहावे लागतात.

पार्श्वभूमी करताना आजींना फोटोतून काढून टाकावं लागतं, आणि त्यांच्यामागे जी भिंत फोटोत कधी दिसलीच नाही ती रंगवावी लागते. इथे रेषा नको, ब्रश हवा. जांभ्याचा पोत दोन-तीन ठिकाणी सुचवला की पुरे. बाकी मऊ सोडला तर पात्र पुढे येतं. आजींची जमिनीवर पडलेली सावलीही इथे विसरू नये, नाहीतर त्या ओसरीवर बसल्यासारख्या न वाटता तरंगतात.

रेषेचा रंगही चित्राचा काळ सांगतो. स्टुडिओत पूर्वी रेषा हाताने, बऱ्याचदा रंगीत शाईने ओढत; केसांची रेषा तपकिरी, गालाची तांबूस. 1961च्या डिस्नेच्या डाल्मेशियन कुत्र्यांच्या चित्रपटापासून पेन्सिलची चित्रं झेरॉक्सने थेट पत्र्यावर उतरू लागली आणि रेषा काळी, खरखरीत झाली. आजच्या नकलांमध्ये हे दोन्ही काळ बेमालूम कालवलेले असतात, वर फिल्मचा दाणा पेरून जुनेपण आणलं जातं. तो दाणा सर्वात सोपा, म्हणून सर्वात आधी टाकला जातो.

हजारो चित्रं पाहून शिकलेली यंत्रं फिल्टरच्या पुष्कळ पुढे गेली आहेत. पात्र आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक ती ओळखतात, बाह्यरेषाही सहसा तुटत नाही. पण त्यांचा कल जपानी कार्टूनमधल्या ठरावीक चेहऱ्याकडे असतो. आजींचं नाक बारीक होतं, डोळे मोठे होतात, आणि फोटो त्यांचा होता एवढंच उरतं. पार्श्वभूमीत ती सर्वात सरस आहेत, रेषेत मध्यम, आणि माणसाच्या साम्यात सर्वात कच्ची.

फोटोवरून रेषा काढण्याची कल्पना मात्र नवी नाही. मॅक्स फ्लायशर यांच्या रोटोस्कोपला 1917मध्ये पेटंट मिळालं. चित्रित माणसावरून एकेक चौकट गिरवायची. 1932च्या एका चित्रपटात त्यांच्या स्टुडिओने गायक कॅब कॅलोवे यांचं नृत्य असंच गिरवलं, पण ते चिकटवलं एका भुताळ वालरसाला. हालचाल फोटोची, आकार चित्रकाराचा. नुसतं गिरवलं की निर्जीवपणा येतो, हे तेव्हाही माहीत होतं.

योग्य नमुना पाहायचा तर युगो साको आणि आपले राम मोहन यांनी मिळून केलेलं रामायण पाहा. जानेवारी 2025मध्ये ते आपल्याकडे चित्रपटगृहांत पुन्हा लागलं होतं. कोणत्याही दृश्यात थांबा आणि पात्राच्या हनुवटीखालची सावली पाहा, मग मागची भिंत. आपण केलेलं चित्र त्याच्या शेजारी ठेवा. हनुवटीखाली एकापेक्षा जास्त सावल्या असतील किंवा भिंतीला काळी रेषा असेल, तर काम पुन्हा करावं लागेल.