मित्राची गोष्ट सांगायची कुणी?

आज एका नाटकाच्या निमित्ताने बोलायचं आहे. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ 1981 साली रंगभूमीवर आलं. विनय आपटे यांनी ते बसवलं होतं आणि रोहिणी हट्टंगडी त्यात मित्राची भूमिका करत. एका मुलीचं दुसऱ्या मुलीवर प्रेम आहे हे मराठी व्यावसायिक रंगमंचावर इतकं सरळ मांडणारं नाटक त्याआधी आम्हाला तरी माहीत नाही. त्यामुळे त्याच्याविषयी जे लिहिलं गेलं ते बहुतेक विषयाच्या धाडसाविषयी. आम्हाला मात्र आज दुसऱ्याच गोष्टीकडे बघायचं आहे. हे नाटक सांगतं कोण?

शीर्षकापासून सुरुवात करू. नायिकेचं नाव सुमित्रा, तिला सगळे मित्रा म्हणतात. ‘मित्रा’ची षष्ठी ‘मित्राची’, आणि ‘मित्र’ या पुल्लिंगी शब्दाचीही षष्ठी ‘मित्राची’च. नाटक न पाहिलेल्याला शीर्षकावरून वाटावं की ही कुणा दोस्ताची गोष्ट आहे. म्हणजे ही गोष्ट एका बाईची आहे हेसुद्धा शीर्षक झाकून ठेवतं. गोष्ट सांगतो तिचा वर्गमित्र बापू. बुजरा, भला मुलगा. तिने विश्वासाने सांगितलेलं तो ऐकतो, तिला आणि नमाला भेटायला आपली खोली देतो, आणि शेवटी तोही दूर होतो. मित्राने नमाला लिहिलेलं पत्र नमाच्या मागे असलेल्या मन्या दळवीच्या हाती पडतं तेव्हा काय होतं, हे ज्यांनी वाचलं आहे त्यांना सांगायला नको. प्रेमाचं पत्र धमकीचा कागद होऊन बसतं.

आता दळवी हा उघड खलनायक आहे, त्याच्याविषयी फार विचार करावा लागत नाही. विचार बापूचा करावा लागतो. मित्रा गेल्यावर प्रेक्षकांपुढे उभं राहून तिचं सगळं आयुष्य उलगडणारा बापूच. दळवीने जे वाईट हेतूने केलं तेच बापू हळहळत करतो, आणि आपण टाळ्या वाजवतो. तेंडुलकरांना हे दिसलं होतं का? आमचं मत असं की दिसलं होतं, पण पुरतं नाही. बापूचा दुबळेपणा ते निर्दयपणे दाखवतात. त्याचा सांगण्याचा अधिकार मात्र नाटकात कुणी तपासत नाही. मित्रा बोलते ती बापूच्या आठवणीत. प्रेक्षकांशी थेट बोलायची सोय नाटककाराने बापूला दिली आहे, तिला नाही.

इथे कुणी म्हणेल, बापू खोटं कुठे बोलला? हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण प्रत्येक चहाडखोराचा बचाव हाच असतो. चुलतभाऊ घरी जाऊन सांगतो, वर्गातली मुलगी दुसऱ्याच्या फोनमधले मेसेज चार जणांना पाठवते, आणि जाब विचारला की उत्तर ठरलेलं: ‘मी फक्त खरं तेच सांगितलं.’ आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून या वाक्यापाशी जरा थांबतो. विधान सत्य असणं आणि ते विधान करण्याचा अधिकार असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉक्टरने तुमच्या आजाराविषयी शेजाऱ्याला सांगितलं तर ते खरंच असतं, तरी तो अपराध असतो. ‘माझं अमुकवर प्रेम आहे’ हे वाक्य तर असं आहे की ते प्रथमपुरुषात उच्चारलं तर कबुली होतं, आणि तेच दुसऱ्याने तृतीयपुरुषात उच्चारलं की आरोप होतो. शब्द जवळजवळ तेच. कुणाला आधी सांगायचं, कधी सांगायचं आणि कोणत्या शब्दांत, ही तीन ठरवाठरवी माणसाची स्वतःची असते. तीच हिरावून घेतली जाते.

आपली भाषाही इथे निर्दोष नाही. आपण म्हणतो, ‘बिंग फुटलं.’ ज्याचं फुटलं तो लबाड, आणि फोडणारा वाक्यात कुठेच नाही. फोडणाऱ्याला नाव देणारा शब्द आहे ‘चहाडी’, पण तो आपण शाळेतल्या पोरांसाठी राखून ठेवला. या विषयात तो परत आणावा असं आम्हाला वाटतं.

आणि मराठीचा आणखी एक घोटाळा आहे, तो मुलचेऱ्यात जास्त कळेल. ‘मला ती आवडते’ हे मराठीत अर्धवट सांगताच येत नाही. सर्वनाम लिंग सांगतं, क्रियापद लिंग सांगतं. बेसावधपणे एक वाक्य तोंडातून गेलं की गेलं. या तालुक्यात पूर्व बंगालमधून येऊन वसलेल्या कुटुंबांची गावं आहेत. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी बंगाली बोलतात त्यांना माहीत आहे की बंगालीत ‘से’ म्हटलं की तो की ती हे कळत नाही, आणि क्रियापदही गप्प राहतं. म्हणजे एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलींपैकी एकीला तिची भाषा सांभाळून घेते आणि दुसरीला उघडं पाडते. मराठीत आडोसा एकच, आपलं नपुंसकलिंग. ‘माझं माणूस आहे एक’ असं म्हणता येतं. जुन्या बायका नवऱ्यालाही तसंच म्हणत. या शब्दात लपवाछपवी नाही, माया आहे, आणि कोण ते सांगायचं की नाही हे बोलणाऱ्याच्या हाती राहतं.

आता नाटकातून बाहेर येऊ. आपल्या विदर्भातल्या माणसाची गोष्ट आहे. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस मूळ नागपूरचे, मराठीचे प्राध्यापक आणि कवी. ‘पाया खालची हिरवळ’ या त्यांच्या संग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ शिकवलं. 8 फेब्रुवारी 2010 च्या रात्री कॅमेरे घेऊन माणसं त्यांच्या घरात शिरली, एका रिक्षाचालकासोबत असताना त्यांचं चित्रण केलं, आणि दुसऱ्या दिवशी विद्यापीठाने त्यांना निलंबित केलं. ते न्यायालयात गेले. 1 एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. 7 एप्रिलला भाड्याच्या घरात त्यांचा मृतदेह सापडला.

या दोन महिन्यांत सिरसांनी काय केलं ते नीट पाहिलं पाहिजे. त्यांनी नाकारलं नाही, आणि झेंडाही खांद्यावर घेतला नाही. माझ्या घरात तुम्ही शिरलातच कसे, एवढंच विचारलं. लोक विचारत होते ‘खरं आहे का?’ आणि या प्रश्नाची गंमत अशी की नाही म्हटलं तर चित्रफीतवाल्याच्या हाती उद्याही सत्ता राहते, हो म्हटलं तर त्याने लिहिलेल्या गोष्टीवर आपण सही करतो. सिरसांनी प्रश्नच बदलला. हंसल मेहतांच्या ‘अलीगढ’ या चित्रपटाने हे अचूक पकडलं आहे. मनोज बाजपेयींनी उभा केलेला माणूस स्वतःवर चिकटवलेल्या शब्दाशी झगडतो, कवितेविषयी बोलायला बघतो, कोर्टात डुलक्या घेतो. त्याला घटनेपेक्षा मोठं आयुष्य आहे. त्या रिक्षाचालकाला मात्र चित्रपटातही फारशी जागा मिळाली नाही. त्याचीही गोष्ट त्याच रात्री लुटली गेली होती.

सिरसांकडे वेळ कमी होता. द्युती चंदकडे तो होता, आणि वार करणारं माणूस घरातलं होतं. ओडिशाची ही धावपटू मे 2019 मध्ये जाहीरपणे म्हणाली की तिचं एका मुलीशी नातं आहे. लगेच दोन-तीन दिवसांत तिने पत्रकारांना सांगितलं की थोरली बहीण पंचवीस लाख रुपये मागत होती, म्हणून बोलावं लागलं. कुटुंबाचं म्हणणं वेगळं होतं, त्यात आम्ही पडत नाही. आम्हाला तिची रीत बघायची आहे. गुपिताची किंमत ते गुपित असेपर्यंतच असते, आणि ते स्वतः सांगून टाकताच बहिणीच्या हातातला कागद कोरा झाला. पण द्युतीने जोडीदाराचं नाव सांगितलं नाही. आपली गोष्ट सांगताना दुसऱ्या मुलीची गोष्ट तिने हातात घेतली नाही. बापूला जे जमलं नाही ते हेच.

हा उपाय सगळ्यांना लागू नाही, हेही सांगायला हवं. द्युतीकडे स्वतःची कमाई होती, देशभर नाव होतं, आणि मागच्याच सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने 377 कलमाचा निकाल दिला होता. बापाच्या पैशावर गडचिरोलीला वसतिगृहात राहणाऱ्या मुलाने चार लोकांत उभं राहून बोलावं असं सांगणं म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर शौर्य. तालुक्याच्या गावी बातमी घरी पोचण्याआधी बसस्टँडवर पोचते. अशा मुलासाठी ताबा मिळवणं म्हणजे पुढचा एक ऐकणारा स्वतः निवडणं. बापाला चुलत्याकडून कळलं असेल, आईला अजून नसेल, तर आईला आपल्या तोंडून कळावं. किंवा मावशीला. बाकीच्यांना ‘हे मी सांगेन, माझ्या वेळेला’ एवढं म्हणून थांबता येतं, ते खोटं नाही आणि कबुलीही नाही. पैसे मागून धमकी देणं ही खंडणी आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम 308 मध्ये तिला शिक्षा आहे, म्हणून मेसेज रागाने पुसून टाकू नयेत, जपावेत. पोलीस ठाण्यात जायचं तर तक्रार धमकीची द्यावी. नातं कसलं होतं हे तिथे मांडत बसण्याची गरज नसते, विचारलं तरी विषय धमकीवर आणावा. सोबतीला जाणतं माणूस लागतंच. नागपुरात सारथी ट्रस्टसारखी संस्था आहे, पण इथून नागपूर दोनशे किलोमीटरच्या पुढे, म्हणून आधी फोन बरा.

नाटकाकडे एकदा परत येतो. आपला झाडीपट्टीचा मुलूख, दिवाळीनंतर इथे रात्र रात्र नाटकं चालतात. कॉलेजातल्या कुणा पोरांनी ‘मित्राची गोष्ट’ बसवायचं ठरवलं तर आमची एक सूचना आहे. बापू प्रेक्षकांशी बोलत असताना मित्राला विंगेत पाठवू नका. संहितेतला शब्दही न बदलता तिला मंचावर उभी ठेवा, उजेडात. तिने फक्त ऐकायचं आणि बापूकडे बघायचं. बापू झालेल्या मुलाला मग ती वाक्यं म्हणायला किती जड जातात, ते तालमीतच कळेल.