फरक बरोबर, इतिहास चुकीचा: स्नॅपशॉट डिफरन्शियलचा 1996 चा पेपर आज वाचताना

सोर्सकडून रोज अख्खी फाइल मिळते, पण कालपासून काय बदललं हे तो सांगत नाही. मग कालची आणि आजची फाइल समोरासमोर ठेवून नवीन काय आलं, काय बदललं आणि काय गेलं हे आपणच शोधायचं आणि त्याची बदलनोंद, म्हणजे चेंज लॉग, तयार करायची. या प्रश्नाला ‘स्नॅपशॉट डिफरन्शियल’ म्हणतात. त्यावरचा नेहमी वाचला जाणारा पेपर म्हणजे विल्बर्ट लाबिओ आणि हेक्टर गार्सिया-मोलिना यांचा ‘एफिशियंट स्नॅपशॉट डिफरन्शियल अल्गोरिदम्स फॉर डेटा वेअरहाउसिंग’. सप्टेंबर 1996 मध्ये मुंबईत भरलेल्या व्हीएलडीबी परिषदेत तो मांडला गेला.

पेपर चांगला आहे आणि रिसर्चची तयारी करणाऱ्यांनी तो मुळातूनच वाचावा. पण त्यात ‘बरोबर उत्तर’ कशाला म्हणायचं याची जी व्याख्या आहे, ती वेअरहाउसमधली प्रत ताजी ठेवायला पुरते. बदलनोंद हाच ज्यांचा डेटा आहे त्यांना पुरत नाही. माझा आक्षेप एवढाच आहे. तो नीट कळण्यासाठी आधी पेपर काय म्हणतो ते बघू.

पेपरची मांडणी

प्रत्येक रेकॉर्डमध्ये एक की असते आणि बाकीचा मजकूर असतो. की फक्त आजच्या फाइलमध्ये सापडली तर इन्सर्ट, फक्त कालच्या फाइलमध्ये सापडली तर डिलीट, दोन्हीकडे सापडली पण मजकूर वेगळा निघाला तर अपडेट. आज हे काम आपण एका फुल आउटर जॉइनमध्ये करतो:

```sql
SELECT COALESCE(n.code, o.code) AS code,
       CASE WHEN o.code IS NULL THEN 'I'
            WHEN n.code IS NULL THEN 'D'
            ELSE 'U' END AS op
FROM old_snap o
FULL OUTER JOIN new_snap n ON n.code = o.code
WHERE o.code IS NULL OR n.code IS NULL
   OR (o.name, o.category) IS DISTINCT FROM (n.name, n.category);
```

शेवटच्या ओळीत `<>` लिहू नका. एका बाजूला `NULL` असेल तर `<>` चं उत्तर ‘माहीत नाही’ असं येतं आणि तो अपडेट गुपचूप गळून पडतो.

1996 मध्ये फाइल मेमरीत मावत नसे, त्यामुळे खरा प्रश्न डिस्कवरून किती वेळा वाचावं लागतं हा होता. लेखकांची सर्वांत सुंदर कल्पना म्हणजे विंडो अल्गोरिदम. दोन्ही फाइली एकदाच, सोबतीने वाचत जायच्या. ज्या रेकॉर्डला जोडी सापडली नाही ते थोडा वेळ बफरमध्ये थांबतं. बफर भरला की सर्वांत जुनं रेकॉर्ड बाहेर पडतं: कालच्या फाइलचं असेल तर डिलीट म्हणून, आजच्या फाइलचं असेल तर इन्सर्ट म्हणून. एकाच कीची रेकॉर्ड्स दोन्ही फाइलींत साधारण जवळपासच असतात, या गृहीतकावर हे सगळं उभं आहे.

आणि एखादं रेकॉर्ड फाइलमध्ये लांब सरकलं तर? मग खरी जोडी असूनही एक डिलीट आणि एक इन्सर्ट निघतो. लेखक हे लपवत नाहीत, ही त्यांची प्रामाणिक बाजू. आधी डिलीट आणि मग इन्सर्ट असा क्रम असेल तर नुसतं काम वाढतं, शेवटची स्थिती बरोबरच राहते. उलटा क्रम मात्र धोक्याचा: की आधीच आहे म्हणून वेअरहाउस इन्सर्टकडे दुर्लक्ष करतं, मग डिलीट येतो आणि जिवंत रेकॉर्ड पुसलं जातं. म्हणजे कसोटी एकच आहे: सगळे बदल लावून झाल्यावर प्रत आजच्या फाइलसारखी दिसते का?

एक खरी फाइल

ही कसोटी एका खऱ्या फाइलवर लावून पाहू. मुंबईतली अ‍ॅम्फी ही म्युच्युअल फंडांची संघटना सगळ्या योजनांची ताजी एनएव्ही `NAVAll.txt` या फाइलमधून प्रसिद्ध करते. ओळी दहा हजारांहून जास्त. प्रत्येक ओळीत योजनेचा कोड, आयएसआयएन, नाव, एनएव्ही आणि तारीख, मध्ये अर्धविराम. योजनेचा प्रकार आणि फंड हाउस मात्र ओळीत नसतात. ते वर स्वतंत्र मथळ्यासारखे येतात: आधी प्रकार, त्याखाली फंड हाउस, त्याखाली त्याच्या योजना.

म्हणून नुसता `diff` इथे फसतो. मथळा प्रत्येक ओळीत उतरवून घेतल्याशिवाय प्रकारातला बदल दिसतच नाही. शिवाय एनएव्ही जवळजवळ रोज बदलते, त्यामुळे सगळे रकाने धरून तुलना केली तर बहुतेक ओळी रोज ‘अपडेट’ ठरतात आणि नावातला खरा बदल त्या गर्दीत हरवतो. वरच्या क्वेरीत एनएव्ही नाही ती त्यामुळेच. एनएव्हीची वेगळी तक्ती करायची आणि तिची की कोड अधिक तारीख अशी धरायची. नवी तारीख आली तर ती नवी नोंद. तीच तारीख राहून आकडा बदलला तर ती दुरुस्ती. या दोन्हींना ‘अपडेट’ म्हटलं तर एक महत्त्वाचा भेद कायमचा पुसला जातो.

गृहीतक नेमकं कुठे मोडतं

आता विंडो अल्गोरिदम या फाइलवर चालवल्याची कल्पना करा. कोड 901 ची एक काल्पनिक योजना घ्या. मंगळवारी तिचा प्रकार बदलला. फाइल प्रकारानुसार लावलेली असल्यामुळे तिची ओळ एका विभागातून उठून हजारो ओळी दूरच्या विभागात गेली. बफर छोटा असेल तर निष्कर्ष निघतो: 901 बंद झाली, 901 नव्याने सुरू झाली.

इथे एक गोष्ट नीट बघा. ज्या ओळींत काहीच बदललं नाही त्या जागेवरच राहतात आणि अल्गोरिदम त्यांच्याबाबत बरोबर असतो. जिथे अर्थपूर्ण बदल झाला तीच ओळ लांब जाते आणि तिथेच तो चुकतो. म्हणजे चूक यादृच्छिक नाही, ती बदलाच्या अर्थाशी बांधलेली आहे. सरासरी चुकीचं प्रमाण कितीही कमी असलं तरी, आपल्याला हव्या असलेल्या घटनांमध्ये ते खूप मोठं असू शकतं. सेबीने ऑक्टोबर 2017 मध्ये योजनांच्या फेरवर्गीकरणाचा आदेश काढला. अशा काळात ही चूक एका ओळीपुरती राहत नाही.

मेमरी स्वस्त झाल्यामुळे आज विंडोची गरज नाही, हे खरं. पण की चुकीची निवडली तर फुल आउटर जॉइनही हेच करतो. समजा कोणी योजनेचं नाव हीच की धरली. 1 एप्रिल 2021 पासून सेबीच्या नियमानुसार ‘डिव्हिडंड’ पर्यायाला ‘आयडीसीडब्ल्यू’ म्हणायचं ठरलं. त्या सगळ्या योजनांची जुनी नावं डिलीट आणि नवी नावं इन्सर्ट! गुंतवणूकदाराचं एक युनिटही हललं नाही, पण बदलनोंद म्हणते की बाजारातल्या योजना घाऊक बंद पडल्या आणि तितक्याच नव्याने उघडल्या. त्यावर कोणी ‘योजनांचं आयुर्मान’ असा अभ्यास केला तर निष्कर्ष कोसळणारच.

आणि पेपरच्या कसोटीत हे पास होतं. डिलीट, मग इन्सर्ट, शेवटची स्थिती बरोबर. आपण सगळे जी तपासणी करतो, म्हणजे जुना स्नॅपशॉट घ्यायचा, बदलनोंद लावायची आणि नव्या स्नॅपशॉटशी जुळवून बघायचं, तीही हिरवा दिवा दाखवते. प्रत बरोबर आहे आणि इतिहास खोटा आहे, हे ओळखायला ही तपासणी आंधळी आहे.

नसणं म्हणजे डिलीट नव्हे

दुसरं गृहीतक पेपरमध्ये इतकं खोल आहे की ते वेगळं लिहिलेलंही जाणवत नाही: फाइल म्हणजेच सोर्स. बुधवारी डाउनलोड मध्येच तुटलं आणि 903 ची ओळ आलीच नाही, तर व्याख्येनुसार तो डिलीट आहे. गुरुवारी पूर्ण फाइल आली की 903 पुन्हा इन्सर्ट. गंमत अशी की मजकुराऐवजी 32 बिटांची छोटी सही साठवली तर एखादा बदल निसटण्याची शक्यता साधारण 429 कोटींत एक असते, आणि असल्या जोखमीची चर्चा पेपरमध्ये आहे. अर्धवट फाइलची शक्यता मात्र त्याहून कितीतरी मोठी असूनही चर्चेबाहेर राहते.

यावरचा उपाय अल्गोरिदमच्या आधी सुरू होतो. फाइल तुलनेला घेण्यापूर्वी ती पूर्ण आहे का ते बघा: शेवटची ओळ तुटलेली आहे का, काल असलेले सगळे मथळे आज आहेत का, एखादं अख्खं फंड हाउस गायब आहे का. संशय असेल तर फाइल बाजूला ठेवा आणि गुरुवारची तुलना मंगळवारशी करा, बुधवारशी नाही. नुसती ‘ओळी पाच टक्क्यांनी घटल्या तर थांबा’ अशी मर्यादा पुरत नाही, कारण छोटं फंड हाउस गळालं तर ती ओलांडलीच जात नाही.

तरीही जी की दिसत नाही तिला लगेच डिलीट म्हणू नका. ‘शेवटची कधी दिसली’ ही तारीख लिहा आणि, समजा, सलग तीन पूर्ण फाइलींत ती नसेल तरच डिलीट नोंदवा. याची किंमत आहे: खरा डिलीट उशिरा कळतो. म्हणून नोंदीत दोन तारखा हव्यात, शेवटची दिसल्याची आणि डिलीट ठरवल्याची. अभ्यासाला पहिली लागते, हिशेब तपासायला दुसरी.

जी तपासणी आंधळी आहे तिच्या जोडीला आणखी एक मोजणी ठेवा: डिलीट झालेल्या किती की काही दिवसांत पुन्हा इन्सर्ट झाल्या? आणि आयएसआयएन तोच असूनही किती डिलीट-इन्सर्ट जोड्या निघाल्या? बंद झालेली योजना त्याच कोडने परत येणं दुर्मीळ असायला हवं. हा आकडा वाढला तर दोष सोर्समध्ये नाही, तुमच्या कीमध्ये किंवा फाइलच्या पूर्णतेत आहे.

एक मर्यादा मात्र कुठल्याच उपायाने जात नाही. दोन स्नॅपशॉटच्या मध्ये नाव बदलून पुन्हा पूर्ववत झालं, तर त्याचा मागमूसही राहत नाही. म्हणून बदलनोंदीतली वेळ ही ‘घटना घडली’ ती वेळ नव्हे. ‘या दोन फाइलींच्या मध्ये कधीतरी’ एवढंच ती सांगते. रकान्याचं नाव `changed_at` ऐवजी `detected_at` ठेवलं तर पुढे वाचणाऱ्याची निदान फसवणूक होत नाही.

पेपर वाचताना दुसऱ्या विभागावर जास्त वेळ घालवा, जिथे प्रश्नाची व्याख्या आहे आणि निरर्थक जोड्यांबद्दल लिहिलंय. खर्चाची गणितं आज जुनी झाली आहेत. ‘ही जोडी निरुपद्रवी आहे’ हा निर्णय मात्र आजही अनेक पाइपलाइन्समध्ये कोणी न तपासता चालू आहे.