‘कसं वाटतंय?’ विचारण्याआधी

पाणीटंचाईवरचे मराठी लघुमाहितीपट पाहायला बसलं की पाचव्या मिनिटाच्या आसपास एक बाई येते. डोक्यावर पदर, मागे कोरडी विहीर. ती म्हणते, “लई हाल होतात. पाण्याशिवाय काय जगणार माणूस?” मागून बासरी वाजते. बाईचे हाल खरे आहेत, विहीरही खरी आहे. तरी ते वाक्य माझ्या मनात राहत नाही, कारण गावाचं नाव पुसलं तर ते कुठल्याही फिल्ममध्ये चिकटवता येतं. लोक याचा दोष कॅमेऱ्याला किंवा संगीताला देतात. मला वाटतं दोष बहुतेक वेळा प्रश्नाचा असतो, आणि तो प्रश्न पडद्यावर ऐकूच येत नाही.

मराठवाड्यातल्या एका टँकरवर जगणाऱ्या गावावर काही विद्यार्थ्यांनी केलेली फिल्म मी पाहिली. त्यांनी सोबत प्रश्नांचा कागद आणि न कापलेल्या मुलाखतीही दिल्या होत्या. टीका करणाऱ्याला अशी संधी क्वचित मिळते, कारण एरवी आपण फक्त उत्तरं पाहतो. कागदावरचे पहिले तीन प्रश्न असे होते : गावात पाण्याची समस्या किती गंभीर आहे? त्यामुळे तुम्हाला कसं वाटतं? शासनाकडून काय अपेक्षा आहेत?

हे तिन्ही प्रश्न निष्कर्ष मागतात. पहिल्याला बाई म्हणते ‘लई’, दुसऱ्याला ‘वाईट वाटतं’, तिसऱ्याला ‘कायमची सोय करावी’. तिने नेमकी उत्तरं दिली आहेत. ‘समस्या’ आणि ‘अपेक्षा’ हे सभेतले शब्द असल्यामुळे तीही सभेतली भाषा बोलली, स्वतःची बोली बाजूला ठेवून. आपण प्रमाण मराठीत, छापील शब्दांत विचारलं की समोरचा माणूस परीक्षेला बसतो. ‘पाणी साठवण्याची व्यवस्था काय आहे?’ याऐवजी ‘टिपाडं किती आहेत घरात?’ असं विचारलं की खांदे सैल होतात. म्हणून प्रश्न लिहिण्याआधी एक दिवस कॅमेऱ्याविना गावात बसावं आणि शब्द गोळा करावेत : घागर, कळशी, खेप, आड, टिपाड. माझ्या मते तयारीचा अर्धा भाग हाच आहे.

भावना हवी असेल तर आधी हिशोब विचारा. टंचाईच्या काळात ग्रामीण भागात टँकरने माणशी दिवसाला 20 लिटर पाणी द्यायचा निकष आपल्याकडे वापरला जातो. पाच माणसांच्या घराला त्या हिशोबाने 100 लिटर मिळतात, म्हणजे 200 लिटरचं टिपाड अर्धं भरतं. हे कागदावर मांडलं की प्रश्न आपोआप सुचतात. काल टिपाडातली पहिली कळशी कशाला गेली? अंघोळ कुणाची झाली, कुणाची राहिली? भांडी धुतलेलं पाणी नंतर कुठे गेलं? यातल्या एकाही प्रश्नात दुःख हा शब्द नाही. पण घरात कोण कुणासाठी काय सोडतं हे त्यातून बाहेर येतं, आणि बोलताना बाईला ते स्वतःलाच पुन्हा दिसतं.

इथे ‘काल’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ‘तुम्ही रोज काय करता?’ म्हटलं की माणूस सारांश देतो, पण ‘काल’ म्हटलं की त्याला क्रमाने सांगावं लागतं.

क्लोद लान्झमनच्या ‘शोआ’ (1985) या नऊ तासांहून मोठ्या माहितीपटात हे फार टोकाच्या विषयावर दिसतं. ट्रेब्लिंका छळछावणीतून वाचलेले न्हावी अब्राहम बोम्बा तिथे केस कापता कापता बोलतात. लान्झमन त्यांना कात्री कोणती, आरसे होते का, केस कसे कापत होतात, असलं कोरडं विचारत राहतो. मग तो थेट विचारतो, तेव्हा काय वाटलं? त्यावर बोम्बा म्हणतात की तिथे काही वाटणंच कठीण होतं. ते कोसळतात ते नंतर, एका मित्राला त्याची बायको आणि बहीण समोर दिसली तो प्रसंग सांगताना. भावनेच्या प्रश्नाने दार उघडलं नाही. एका प्रसंगाने उघडलं. (बोम्बा थांबा म्हणत असताना लान्झमनने कॅमेरा चालू ठेवला, त्याबद्दल आजही वाद होतो. मला तो आग्रह पटत नाही. पण प्रश्नांचा क्रम शिकण्यासारखा आहे.)

आता पुन्हा त्या विद्यार्थ्यांकडे. त्यांच्या न कापलेल्या मुलाखतीत 22 व्या मिनिटाला, कागद संपल्यावर, आवाज घेणाऱ्या मुलीने सहज विचारलं, “मागच्या बारीला पाव्हणे कधी आले होते?” बाई आधी कोण आलं, कशाला आलं ते सांगते. मग थांबते. मुलगीही गप्प राहते, ‘हं हं’ करत नाही. चार-पाच सेकंदांनी बाई म्हणते, “पाव्हणा दारात दिसला की मी आधी टिपाडाकडं बघते. मग चहाचं ठरिवते.” आणि हसते.

अख्ख्या फिल्ममधलं हे सगळ्यात चांगलं वाक्य आहे. पाच-सहा सेकंदांचं, स्वतःच्या पायावर उभं. आधी प्रश्न ऐकवायची गरज नाही. पाहुण्याला चहा विचारताना बाईला हिशोब करावा लागतो, यातली शरम हसण्यासकट त्यात येते. विद्यार्थ्यांनी ते वापरलं नाही, कारण बाई रडत नव्हती.

वापरण्याजोगं म्हणजे काय, हे इथे कळतं. संकलनात प्रश्न कापला जातो, म्हणून उत्तरात विषय आलेला असावा लागतो. त्यासाठी ‘पूर्ण वाक्यात बोला’ अशी सूचना देतात, आणि मग माणूस पाठ म्हटल्यासारखा बोलू लागतो. त्यापेक्षा प्रश्नच असा ठेवावा की उत्तर गोष्टीने सुरू होईल : ‘टँकर शेवटचा आला त्या दिवसाचं सकाळपासून सांगा.’ आणि एका वेळी एकच प्रश्न. ‘टँकर कधी येतो, आणि पुरतं का?’ म्हटलं की फक्त ‘नाही पुरत’ एवढंच हाती लागतं.

आवाजाचंही असंच. विहिरीवर, हात कामात असताना लोक मोकळं बोलतात, पण घागरीत पडणारं पाणी आणि टँकरचं इंजिन शब्द गिळून टाकतं. म्हणून काम चालू असताना छोटे प्रश्न विचारावेत, आणि ज्यावर सगळी फिल्म उभी आहे तो प्रश्न नंतर घरात, सावलीत विचारावा. उठण्याआधी त्या जागेची नुसती शांतता मिनिटभर रेकॉर्ड करावी. दोन वाक्यं जोडताना ती लागते.

काही प्रश्न मात्र विहिरीवर विचारूच नयेत. आधी कोण भरतं, कुणी बाजूला थांबायचं, टँकर कुणाच्या गल्लीत जास्त वेळ उभा राहतो. चार लोक आणि सरपंच ऐकत असताना याला एकच उत्तर येतं : आमच्याकडे असं काही नाही. घरात विचारलं तर खरं उत्तर येऊ शकतं, आणि मग वेगळी अडचण सुरू होते. आपली गाडी संध्याकाळी निघून जाते. बाईला दुसऱ्या दिवशी त्याच टँकरपाशी उभं राहायचं असतं. मी तरी असं वाक्य तिला परत ऐकवल्याशिवाय आणि तिचा होकार पुन्हा घेतल्याशिवाय फिल्ममध्ये ठेवणार नाही, कितीही धारदार असलं तरी.

त्या विद्यार्थ्यांना मी एवढंच सुचवलं की बासरी काढा आणि 22 वं मिनिट पुन्हा ऐका. त्यांनी अजून नवी प्रत पाठवलेली नाही.