दीड मिलिमीटरची भिंत

अ‍ॅल्युमिनियमची ५० बाय २५ मिलिमीटरची पोकळ नळी. मिश्रधातू ६०६३, भिंत दीड मिलिमीटर. दुकानात ती किलोच्या भावाने मिळते. मला ती खिडकीपाशी तिरपी धरून पाहायला आवडते, कारण ती कशी घडली हे बरंचसं तिच्या पृष्ठभागावर वाचता येतं.

सर्वांत सुंदर गोष्ट मात्र डोळ्यांना दिसत नाही. नळीला जोड नाही असं वाटतं, पण तिला चार जोड आहेत. साडेचारशे-पावणेपाचशे अंशांना तापवलेलं बिलेट प्रेसमध्ये जातं तेव्हा ते मऊ असतं, तरी घनच असतं. पोकळी घडवणारा मँड्रेल डायमध्ये अधांतरी राहू शकत नाही, त्याला पायांचा आधार लागतो. या पायांवर धातू चार प्रवाहांत फाटतो, पुढच्या वेल्डिंग चेंबरमध्ये प्रचंड दाबाखाली पुन्हा एकजीव होतो आणि मगच फटीतून बाहेर पडतो. हवेचा स्पर्श न झालेले कोरे पृष्ठभाग एकमेकांवर दाबले जातात, म्हणून न वितळताही ते जुळतात. जाणता डायमेकर हे पाय असे मांडतो की चारही जोड नळीच्या कोपऱ्यांत पडावेत. रुंद बाजूच्या मधोमध जोड आला, तर अ‍ॅनोडायझिंगनंतर तिथे वेगळ्या छटेचा पट्टा उमटू शकतो. माझ्या हातातल्या नळीच्या चारही बाजू एकसारख्या आहेत. डायमेकरला दाद द्यावी ती इथे.

आता थोडं गणित. या नळीच्या छेदाचं क्षेत्रफळ २१६ चौरस मिलिमीटर. ७ इंची बिलेट १८३ मिलिमीटर व्यासाच्या कंटेनरमध्ये दाबलं, तर कंटेनरचं क्षेत्रफळ सुमारे २६,३०० भरतं. भागाकार १२२. हेच एक्स्ट्रुजन रेशो. एवढ्या रेशोला दाब फार लागतो, म्हणून डायला एकाऐवजी दोन भोकं ठेवायची. रेशो ६१ वर येतो आणि दोन नळ्या शेजारीशेजारी निघतात. रॅम सेकंदाला ५ मिलिमीटर सरकला की प्रत्येक नळी मिनिटाला सुमारे १८ मीटर वेगाने बाहेर येते.

पण वेग वाढवला की आकार बदलण्याच्या कामातूनच धातू आणखी तापतो. बाहेर पडताना तो साधारण ५१० अंशांच्या वर हवा, म्हणजे मॅग्नेशियम आणि सिलिकॉन त्यात विरघळलेले राहतात. लगेच पंख्याखाली थंड केला, की पुढे एजिंगच्या भट्टीत त्याला ताकद येते. मात्र तापमान फार चढलं तर पृष्ठभाग आडवा फाटू लागतो, विशेषतः कोपऱ्यांवर. चांगला ऑपरेटर या दोन हद्दींच्या मधली अरुंद वाट धरून प्रेस चालवतो. त्याचं कसब मी कोपऱ्यांवर शोधतो. इथे ते कोरे आहेत, एकही आडवी चीर नाही.

लांबीभर गेलेली बारीक रेघ ही डाय लाइन. डायच्या ज्या अरुंद पट्टीवरून धातू घासत जातो तिला बेअरिंग म्हणतात. तिला ओरखडा असेल किंवा तिच्यावर धातूचा कण चिकटला असेल, तर तो मीटरच्या मीटर आपली सही करत जातो. नखाला न जाणवणारी रेघ मी चालवून घेतो.

पिकअप मात्र मला खपत नाही. तो तुटक असतो: छोटासा ओरखडा आणि त्याच्या टोकाला गाठ, धूमकेतूसारखी. बोट एका दिशेने फिरवलं तर गुळगुळीत, उलट फिरवलं तर बोचतं. दोष डायचा समजून लोक ती पॉलिश करत बसतात, पण त्याचं मूळ कित्येकदा बिलेटमध्येच असतं. ओतलेल्या बिलेटमध्ये लोह आणि सिलिकॉनचे कडक, पापुद्र्यासारखे कण असतात. ५७० अंशांच्या आसपास काही तास होमोजिनायझिंग केलं की ते तुटून गोलसर होतात. ती भट्टी घाईने उरकली, तर तेच कण बेअरिंगपाशी पृष्ठभाग ओरबाडतात. अशा वेळी डाय बदलूनही फरक पडत नाही, बिलेटचा लॉट बदलला की पडतो.

माझ्या नळीवर एका टोकापाशी आडवी पट्टी आहे. बिलेट संपून दुसरं चढवताना प्रेस क्षणभर थांबला, त्याची ती खूण. तिच्यापुढे काही अंतर जुनं आणि नवं बिलेट जिभेच्या आकारात एकमेकांत शिरलेलं असतं आणि तो जोड कमकुवत असू शकतो. एवढा भाग कापून टाकायला हवा होता. बाकीची नळी उत्तम उतरली असली, तरी ही पट्टी दिसली की तेवढा तुकडा वजन पेलणाऱ्या चौकटीत वापरू नका. आणि माल अ‍ॅनोडायझिंगला जाणार असेल, तर प्रत्येक लॉटमधला एक तुकडा आधी कॉस्टिकमधून काढून पाहायला सांगा. जोडाचे पट्टे तिथेच उघडे पडतात.